एकतर्फी व्हिडिओ मुलाखत : सबमिट करण्याआधी ऐका

नोकरीसाठी अर्ज केल्यावर काही दिवसांनी ईमेल येतो. पुढच्या फेरीसाठी तुमची निवड झाली आहे, सोबतच्या लिंकवर जाऊन प्रश्नांची उत्तरं व्हिडिओवर रेकॉर्ड करा, मुदत अमुक तारखेपर्यंत. मुलाखत घेणारा समोर कुणी नसतो. पडद्यावर प्रश्न दिसतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो, मग कॅमेरा सुरू होतो आणि घड्याळ उलटं धावायला लागतं. कंपनीतली माणसं ते रेकॉर्डिंग नंतर आपल्या सवडीनं बघतात. हायरव्ह्यू, स्पार्क हायर यांसारख्या प्लॅटफॉर्मवर कंपन्या अशा मुलाखती घेतात. परदेशी विद्यापीठांत, विशेषतः बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना किरा टॅलेंट या प्लॅटफॉर्मवर याच पद्धतीनं उत्तरं द्यावी लागतात.

झूम किंवा गूगल मीटवरच्या मुलाखतीत तुमचा आवाज पोचला नाही, तर समोरचा लगेच म्हणतो, “जरा मोठ्यानं बोला, आवाज येत नाहीये.” इथे ते सांगायला कुणी नाही. माइक बंद असताना तुम्ही सगळी उत्तरं अगदी तयारीनं देऊ शकता आणि पलीकडच्या माणसाला फक्त हलणारे ओठ दिसतात. प्रश्नाचा अर्थ विचारायची, वेळ संपत आल्यावर “एकच मिनिट” म्हणायची सोयही इथे नाही. म्हणून या मुलाखतीची तयारी करताना विषयाच्या अभ्यासाइतकंच तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं : वेळ, आवाज आणि रीटेक.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. साताऱ्यातली एक मुलगी. बी.कॉम. झालेली. शिकत असताना संध्याकाळी काकांच्या मेडिकल दुकानात बसायची. पुण्यातल्या एका कंपनीत ग्राहकसेवेच्या जागेसाठी तिनं अर्ज केला आहे. चार प्रश्न, प्रत्येकाला विचारासाठी 30 सेकंद, उत्तरासाठी 90 सेकंद आणि प्रत्येक प्रश्नाला दोन रीटेक. मुलाखत इंग्रजीत आहे.

ईमेलमधली तीन घड्याळं

या मुलाखतीत एक नाही, तीन घड्याळं चालतात आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो.

पहिलं घड्याळ मुदतीचं. लिंक कधीपर्यंत चालू राहणार, हे ते सांगतं. कंपनी किंवा विद्यापीठ परदेशी असेल, तर वेळेपुढची अक्षरं नीट बघा. 11:59 PM EST असं लिहिलं असेल, तर ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची हिवाळ्यातली वेळ. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचे 10 वाजून 29 मिनिटं झालेली असतात. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे सरकतं, EDT लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे 9:29 होतात. UTC असेल, तर पहाटेचे 5:29. असा हिशेब करून शेवटच्या तासापर्यंत थांबायचं नाही. तो फक्त गैरसमज टाळण्यासाठी करायचा. मुलाखत मुदतीच्या किमान एक दिवस आधी द्यावी. कारण काही अडलं आणि मदत मागावी लागली, तर उत्तर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लिंक बंद व्हायला नको.

दुसरं घड्याळ विचाराच्या वेळेचं. ते साधारण तीस सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंत असतं. काही ठिकाणी ते संपलं की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. तुम्ही अजून कागदावर काहीतरी खरडत असता आणि लाल ठिपका चमकायला लागलेला असतो. तिसरं घड्याळ उत्तराचं. ते संपलं की रेकॉर्डिंग तोडलं जातं, वाक्य अर्धं असलं तरी.

हे आकडे प्लॅटफॉर्म ठरवत नाही, मुलाखत घेणारी कंपनी ठरवते. विचाराला किती वेळ, उत्तराला किती, रीटेक किती, हे सगळं तिच्या हातात असतं. त्यामुळे एकाच प्लॅटफॉर्मवर एका कंपनीनं मित्राला तीन मिनिटं दिली असतील, तुम्हाला दीडच मिनिट मिळेल. “माझ्या वेळी रीटेक होता” या ऐकीव माहितीवर जाऊ नका. ईमेल आणि सुरुवातीचं सूचनांचं पान शांतपणे वाचा आणि आकडे कागदावर उतरवून घ्या. बहुतेक ठिकाणी एक प्रश्न संपल्यावर पुढचा उघडेपर्यंत थांबता येतं, पाणी पिता येतं. पण प्रश्न एकदा उघडला की माघार नसते. तसं थांबता येतं की नाही, हेही त्याच पानावर सापडतं.

आवाज : पट्टी हलते म्हणजे सगळं ठीक नाही

मुलाखत सुरू होण्याआधी प्लॅटफॉर्म कॅमेरा आणि माइक तपासून घेतो. तुम्ही बोललात की एक हिरवी पट्टी हलते. ती हलली की बहुतेक जण पुढे जातात. इथेच चूक होते. पट्टी एवढंच सांगते की कुठल्यातरी माइकपर्यंत कसलातरी आवाज पोचतो आहे. तो कोणता माइक, आवाज स्वच्छ आहे की खरखरीत, हे तिला सांगता येत नाही.

आपल्या उदाहरणातली मुलगी लॅपटॉपला वायरचा इअरफोन लावून बसली आहे. तिला वाटतं, तोंडाजवळच्या माइकमधून आवाज जातो आहे. प्रत्यक्षात ब्राउझरनं लॅपटॉपचाच माइक धरलेला असू शकतो. तो तिच्यापासून दोन फुटांवर, पंख्याच्या वाऱ्यात आहे. खात्री करण्याची सोपी रीत अशी. इअरफोनच्या वायरवरच्या माइकवर नखानं हलकं घासा. पट्टी एकदम उसळली, तर तोच माइक चालू आहे. पट्टी जेमतेम हलली आणि लॅपटॉपच्या कीबोर्डजवळ टिचकी मारल्यावर उसळली, तर चालू माइक लॅपटॉपचा आहे. मग प्लॅटफॉर्मच्या किंवा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक बदला. जुन्या कॉम्प्युटरला माइक आणि हेडफोनसाठी दोन वेगळी भोकं असतात. तिथे मोबाइलचा इअरफोन लावला, तर कानात ऐकू येतं, पण त्याचा माइक चालत नाही.

ब्लूटूथ इअरबड वापरणार असाल, तर एक गोष्ट माहीत हवी. गाणं ऐकताना ते छान वाजतात. पण त्यांचाच माइक वापरायला घेतला की अनेक इअरबड आणि लॅपटॉपच्या जोड्या फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाजाचा दर्जा खाली येतो. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा, कोंदट वाटतो. शिवाय ऐन वेळी चार्ज संपणं, शेजारच्या मोबाइलला आपोआप जोडलं जाणं, हे धोके वेगळेच. शंभर-दोनशे रुपयांचा वायरचा इअरफोन यासाठी जास्त भरवशाचा. त्याचा माइक कॉलरला किंवा ओढणीला घासणार नाही एवढं बघा. घासला तर रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक हालचालीला खरखर येते.

पट्टीनंतरची पायरी म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड करून ऐकणं. बहुतेक प्लॅटफॉर्म सरावाचा प्रश्न देतात. त्याचं उत्तर कंपनीकडे जात नाही आणि तो बऱ्याचदा हवा तितक्या वेळा देता येतो. मोबाइलच्या रेकॉर्डरवर किंवा लॅपटॉपच्या कॅमेरा ॲपवर आवाज तपासणं पुरेसं नाही, कारण ब्राउझर वेगळाच माइक धरू शकतो. जिथे मुलाखत द्यायची, त्याच लिंकवर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच खोलीत आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी सरावाचा प्रश्न रेकॉर्ड करा. निदान पाऊण मिनिट तरी बोला. नुसतं “हॅलो, हॅलो” म्हणून कळत नाही. उत्तर देताना जसं बोलणार आहात, तसंच बोला.

आता ते रेकॉर्डिंग ऐका, पण लॅपटॉपच्या स्पीकरवर नको. छोट्या स्पीकरवर पंख्याची घरघर ऐकूच येत नाही. पलीकडचा माणूस मात्र हेडफोन लावून ऐकत असण्याची शक्यता बरीच. म्हणून कानात इअरफोन घालून ऐका आणि क्रमानं चार गोष्टी तपासा.

पहिली, सुरुवात. तुमचा पहिला शब्द पूर्ण आला आहे का? रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं चिन्ह दिसताक्षणी बोललात, तर पहिलं अक्षर कापलं जाऊ शकतं. चिन्ह दिसल्यावर एक श्वास घ्या आणि मग बोला. दुसरी, आवाजाची पातळी. मोठ्यानं म्हटलेल्या शब्दावर आवाज फाटतो का? फाटत असेल, तर माइक थोडा लांब न्या किंवा सेटिंगमध्ये माइकची पातळी कमी करा. आवाज फार बारीक येत असेल, तर जवळ या. ओरडून बोलू नका. तिसरी, मागचा आवाज. छताचा पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा टीव्ही. मुलाखतीपुरता पंखा बंद ठेवलेला बरा. बरीच सॉफ्टवेअर पंख्याचा आवाज आपोआप दाबायचा प्रयत्न करतात आणि तसं करताना तुमच्या शब्दांची शेवटची अक्षरंही खाऊन टाकतात. वाक्याचा शेवट विरल्यासारखा ऐकू आला, तर कारण बहुधा हेच असतं. चौथी, घुमणं. मोकळ्या भिंतींच्या, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्याच खोलीत पडदे ओढा, पलंगावर गाद्या-चादरी असू द्या, किंवा कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसा. फरक लगेच ऐकू येतो.

रेकॉर्डिंगमध्ये अजिबात आवाज नसेल, तर या क्रमानं बघा : इअरफोनवरचं किंवा कीबोर्डवरचं म्यूटचं बटण, ब्राउझरनं विचारलेली परवानगी चुकून नाकारली आहे का, विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइक बंद आहे का, आणि झूम किंवा टीम्स मागे चालू राहिलं आहे का. कॅमेरा दुसऱ्या ॲपनं धरून ठेवला असेल, तर काळा पडदा दिसतो. ती ॲप पूर्ण बंद करून ब्राउझर पुन्हा उघडा. हे सगळं सरावाच्या वेळीच करायचं. खरा प्रश्न उघडल्यावर पान रिफ्रेश केलं किंवा मागे जायचं बटण दाबलं, तर काही ठिकाणी तो प्रयत्न वापरला गेला असं धरलं जातं.

मुलाखत मोबाइलवर देणाऱ्यांसाठी दोन सूचना वेगळ्या. ईमेल किंवा व्हॉट्सॲपमधली लिंक दाबली की ती बऱ्याचदा त्या ॲपच्या आतच उघडते आणि तिथे कॅमेरा-माइकची परवानगी नीट मिळत नाही. लिंक कॉपी करा आणि अँड्रॉइडवर क्रोममध्ये, आयफोनवर सफारीमध्ये उघडा. दुसरी सूचना फोनकॉलची. रेकॉर्डिंग चालू असताना कॉल आला, तर माइक त्या कॉलकडे जातो आणि उत्तर मधेच तुटू शकतं. घरी वायफाय असेल, तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा. इंटरनेट सिमकार्डाचंच असेल, तर हा उपाय चालणार नाही. तेव्हा डू नॉट डिस्टर्ब लावा, कॉल फॉरवर्डिंग सुरू करा आणि घरच्यांना अर्धा तास फोन करू नका म्हणून सांगून ठेवा. व्हॉट्सॲपवरून येणारा कॉलही तितकाच नडतो, हे विसरू नका.

नव्वद सेकंदांत किती मावतं

कॅमेऱ्यासमोर इंग्रजी बोलताना आपल्यापैकी बहुतेकांचा सहज वेग मिनिटाला 120 ते 130 शब्दांच्या आसपास असतो. म्हणजे नव्वद सेकंदांत फार तर 180-195 शब्द. त्यातही शेवटचे दहा सेकंद मोकळे ठेवायला हवेत. मग हाती राहतात साधारण 160 शब्द, म्हणजे वहीचं एक पान जेमतेम. आपला वेग स्वतः मोजा. कोणताही 130 शब्दांचा इंग्रजी उतारा शांतपणे, मोठ्यानं वाचा आणि किती सेकंद लागले ते बघा.

आता साताऱ्याच्या मुलीसमोर दुसरा प्रश्न आला : नाराज ग्राहकाला तुम्ही कसं हाताळलं, याचा एक प्रसंग सांगा. तिच्याकडे प्रसंग चांगला आहे. एका आजोबांना फोनवर “गोळ्या आहेत, या” असं सांगितलं गेलं. ते रिक्षा करून आले, तर पाकीट संपलेलं. ते चिडले. तिनं त्यांना बसवलं, जवळच्या दुसऱ्या दुकानात फोन करून गोळ्या मिळवल्या आणि दुकानातल्या मुलाला पाठवून अर्ध्या तासात आणून दिल्या. त्यानंतर दुकानात एक वही ठेवली. फोनवर ज्यांना ज्यांना “आहे” म्हणून सांगितलं, त्यांचं पाकीट बाजूला काढून नाव लिहायचं.

सराव करताना तिनं स्वतःला ऐकलं, तेव्हा असं दिसलं की दुकान कुठे आहे, काका कोण, ती कधीपासून तिथे बसते, यातच पस्तीस सेकंद गेले. आजोबा आल्यावर काय झालं, हे सांगेपर्यंत ऐंशी सेकंद झाले आणि वहीची गोष्ट राहून गेली. खरं तर मुलाखत घेणाऱ्याला त्या वहीतच रस. चिडलेल्या माणसाची समजूत बरेच जण घालतात, पण तीच तक्रार पुन्हा येऊ नये म्हणून पद्धत बदलणारे थोडे असतात.

तिनं मग वेळ असा वाटून घेतला. पहिले पंधरा सेकंद : कुठे काम करत होते आणि नेमकं काय बिघडलं. पुढचे तीस सेकंद : मी त्या क्षणी काय केलं. त्यानंतरचे तीस सेकंद : मी पुढे काय बदललं आणि त्यानं काय झालं. उरलेले पंधरा सेकंद मोकळे. विचारासाठी मिळणाऱ्या तीस सेकंदांत पूर्ण वाक्यं लिहून होत नाहीत आणि लिहूही नयेत. तिनं कागदावर फक्त चार नोंदी केल्या : आजोबा, फोन, अर्धा तास, वही. हा कागद कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवला, म्हणजे नजर फार हलत नाही. पडद्यावर पूर्ण उत्तर लिहून वाचलं, तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात आणि आवाजही सपाट होतो.

घड्याळाकडे सारखं बघत बोलू नका. दोनच क्षण लक्षात ठेवा. निम्मा वेळ गेला, तेव्हा तुम्ही स्वतः काय केलं, याच्या मध्यावर असायला हवं. वीस सेकंद उरले, तेव्हा शेवटचं वाक्य सुरू करायचं. ते आधी ठरवून ठेवलेलं असावं. मधला भाग बोलता बोलता जमून येतो, शेवट येत नाही. उत्तर साठ-सत्तर सेकंदांत पूर्ण झालं, तर थांबा आणि रेकॉर्डिंग बंद करा. उरलेला वेळ भरण्यासाठी तीच गोष्ट फिरवून सांगितली, तर ऐकणाऱ्याला ते जाणवतं. पण नव्वद सेकंदांपैकी वीस-पंचवीस सेकंदांतच उत्तर संपत असेल, तर त्यात तुमची कृती राहून गेली आहे, असं समजा.

रीटेक कशासाठी

रीटेकच्या तीन तऱ्हा असतात. एक, रीटेक नाहीच. किरा टॅलेंटवर प्रवेशाची खरी उत्तरं सहसा अशीच, एकदाच द्यायची असतात. दोन, ठरावीक वेळा, म्हणजे दोन किंवा तीन. तीन, कितीही वेळा. तुम्हाला कोणती तऱ्हा मिळाली आहे, हे सूचनांच्या पानावर किंवा प्रश्नाखाली लिहिलेलं असतं.

रीटेकचं बटण दाबण्याआधी आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला हवं : आधीचं रेकॉर्डिंग राहतं की पुसलं जातं? काही प्लॅटफॉर्मवर सगळे प्रयत्न राहतात आणि त्यातून एक निवडता येतो. काही ठिकाणी Retake दाबताक्षणी आधीचं उत्तर जातं आणि शेवटचा प्रयत्नच कंपनीकडे पोचतो. दुसऱ्या प्रकारात रीटेक म्हणजे हातातलं सोडून देणं. तिसऱ्यांदा घसा बसला, वीज गेली किंवा शेवटचं वाक्य सुचलं नाही, तर पहिलं चांगलं उत्तर परत मिळत नाही. ते राहील असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ते पुसलं जाणार असं धरूनच चाला. शेवटचा रीटेक संपला की काही ठिकाणी तेच उत्तर आपोआप दाखल होतं, हेही लक्षात ठेवा. विचाराचे तीस सेकंद दर रीटेकला पुन्हा मिळतीलच, असंही नाही.

रीटेक कधी घ्यावा याचा नियम सोपा आहे. आवाज गेला, चेहरा दिसला नाही, मधेच कुणी खोलीत आलं, प्रश्न चुकीचा समजला, वेळ संपल्यामुळे मुद्दाच राहिला : अशा वेळी घ्यावा. एखाद्या शब्दावर अडखळलात, “अं” म्हणालात, कुठे व्याकरण चुकलं : अशा वेळी घेऊ नये. समोरासमोरच्या मुलाखतीत माणसं अडखळतातच आणि व्हिडिओ बघणाऱ्यालाही ते माहीत असतं. दहा वेळा घोकून आलेलं उत्तर त्याला उलट लगेच ओळखू येतं. पहिल्या प्रयत्नात मुद्दा सुचत असतो, म्हणून चेहऱ्यावर विचार दिसतो. चौथ्या-पाचव्यात तो पाठ झालेला असतो आणि चेहरा कोरा होतो. कितीही रीटेक मिळाले तरी स्वतःची मर्यादा दोनच ठेवा.

आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाच्या वेळी दारावरची बेल वाजली. तिनं रीटेक घेतला. दुसऱ्या प्रश्नात “रिप्लेसमेंट” हा शब्द म्हणताना ती अडखळली, पण वहीचा मुद्दा नीट आला होता. तिथे तिनं रीटेक घेतला नाही. दोन्ही निर्णय बरोबर.

Submit दाबण्याआधीचं मिनिट

रीटेक मिळतो तिथे बहुतेक वेळा उत्तर परत बघताही येतं. मग ते बघायचंच, घाई असली तरी. पूर्ण बघायची गरज नाही. पहिले दहा सेकंद, मधले काही आणि शेवटचे दहा सेकंद इअरफोन लावून ऐका. सुरुवात ऐकल्यावर पहिला शब्द आला का कळतं, मध्य ऐकल्यावर आवाज गेला-आला का कळतं आणि शेवट ऐकल्यावर वाक्य पूर्ण झालं का कळतं. त्याच वेळी ओठ आणि आवाज जुळतात का तेही बघा. थोडा फरक चालतो. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक सतत दिसत असेल, तर बाकीच्या टॅब आणि ॲप बंद करून रीटेक घ्या.

रीटेक नाही तिथे बहुतेकदा परत बघायची सोयही नसते. म्हणून अशा मुलाखतीत ऐकण्याचं सगळं काम सरावाच्या प्रश्नावरच संपवावं लागतं. तिथे जो माइक, जी खुर्ची, जी खोली वापरली, ती मुलाखत संपेपर्यंत बदलायची नाही. मधेच इअरफोन काढला किंवा चार्जर लावायला लॅपटॉप उचलून दुसरीकडे ठेवला, तर तपासणी वाया गेली असं समजा.

उत्तर दाखल करताना ते अपलोड व्हावं लागतं आणि इथे इंटरनेटचा दुसरा आकडा कामाला येतो. स्पीड टेस्ट केल्यावर डाउनलोड आणि अपलोड असे दोन वेग दिसतात. सिनेमा बघायला पहिला लागतो, व्हिडिओ पाठवायला दुसरा. सेकंदाला अडीच मेगाबिट या दर्जानं रेकॉर्ड झालेला दीड मिनिटाचा व्हिडिओ सुमारे 28 एमबीचा होतो. अपलोडचा वेग सेकंदाला 1 मेगाबिटच असेल, तर तो जायला पावणेचार मिनिटं लागतात. 5 मेगाबिट असेल, तर पाऊण मिनिट. वेग कमी असेल, तर अपलोडची टक्केवारी 40 वर अडकल्यासारखी दिसते आणि माणूस घाबरून टॅब बंद करतो. बंद करू नका, मागे जाऊ नका, लॅपटॉपचं झाकण लावू नका. टक्केवारी हळूहळू का होईना वाढत असेल, तर थांबा. शेवटी मुलाखत पूर्ण झाल्याचं पान दिसतं आणि बहुधा ईमेलही येतो. ते पान दिसेपर्यंत काम झालेलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मधेच अडलं तर

वीज गेली, इंटरनेट तुटलं किंवा उत्तर अपलोडच झालं नाही, तर आधी त्याच लिंकवर पुन्हा जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी मुलाखत थांबली तिथून पुढे सुरू होते. तसं झालं नाही, तर त्याच दिवशी दोन ठिकाणी कळवा : प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाला आणि कंपनीच्या ज्या ईमेलवरून लिंक आली त्या पत्त्यावर. प्लॅटफॉर्मला तांत्रिक दोष शोधता येतो, पण प्रश्न पुन्हा उघडून द्यायचा की नाही, हे कंपनीच ठरवते.

ईमेलमध्ये रडगाणं नको, तपशील हवा. कितव्या प्रश्नावर अडलं, तारीख आणि भारतीय वेळ किती होती, पडद्यावर कोणता संदेश आला, कोणतं उपकरण आणि कोणता ब्राउझर होता, आणि तुम्ही स्वतः काय करून बघितलं. सोबत स्क्रीनशॉट. पाच-सहा ओळींत हे मावतं. असा ईमेल आल्यावर समोरच्याला निर्णय घेणं सोपं जातं. मुदत संपल्यावर पाठवलेल्या “सर, प्लीज एक संधी द्या” या ईमेलवर ते सोपं नसतं.

शेवटी एक विनंती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरावाचा प्रश्न रेकॉर्ड करा आणि तो घरातल्या कुणाला तरी इअरफोन लावून ऐकवा. तुम्ही काय बोललात हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे न ऐकू आलेला शब्दही तुमचा कान भरून काढतो. दुसऱ्याचा कान तसं करत नाही. त्याला प्रत्येक शब्द पहिल्या ऐकण्यात कळला, तरच खरी मुलाखत उघडा.